मतदारयादीत मैत्रिणीच्या भावाचं नाव सापडलं. 33 वर्षांनी काय करू?

मालवामाई
9 नोव्हेंबर, रात्री 10:42

नमस्कार मंडळी. मी इंदूरची, इथेच वाढले, इथेच दिलं मला. सध्या मतदारयादीची जी विशेष फेरतपासणी, एस.आय.आर., चालू आहे त्यात आम्हा सुनांची वेगळीच पंचाईत झालीय. 2003 च्या यादीत स्वतःचं नाव नसेल तर आईवडिलांचं दाखवायचं, म्हणजे माहेरच्या गल्लीची यादी उघडून बसायचं. बाबांनी मालवा मिलकडचं घर सोडून 1992 सालीच सुदामानगरला फ्लॅट घेतला, पण नाव काही तिकडून हलवलं नव्हतं. म्हणून मी जुन्या गल्लीची पानं चाळत होते.

बाबा सापडले. आणि त्याच पानावर, दहाबारा ओळी खाली, बेबीची आई आणि बेबीचा भाऊ.

बेबी म्हणजे माझी शाळेतली मैत्रीण. पहिलीपासून बारावीपर्यंत एका बाकावर. शाळेतलं नाव वेगळं होतं, पण गल्लीत सगळे बेबीच म्हणायचे. तिचे वडील मिलमध्ये होते. मिल बंद पडली तेव्हा आम्ही अकरावी-बारावीत होतो. त्यानंतर त्यांच्याकडे काय चाललं होतं ते आम्हाला दिसत होतं, पण कळत नव्हतं.

1992 च्या चैत्रात आमच्याकडे हळदीकुंकू होतं. बेबी माझाच जुना पंजाबी ड्रेस घालून आली होती, आईने दिलेला. आई बायकांना कौतुकाने म्हणाली, "हा आमच्या हिचाच हो, बघा, अजून नव्यासारखा दिसतो." बेबी समोर उभी. माझ्या हातात पन्ह्याचे पेले होते. मी पुढच्या काकूंना पन्हं दिलं आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओटल्यावर तो ड्रेस ठेवलेला होता. धुतलेला, इस्त्री केलेला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. बस. त्यानंतर आम्ही बोललो नाही. जूनमध्ये मी एकदा गेले तर कुलूप. शेजारीण म्हणाली खंडव्याला मामाकडे गेले. मी धरून चालले की इंदूर सोडलं.

आणि आता ही यादी सांगते आहे की 2003 पर्यंत तरी ती माणसं त्याच घरात होती. माझं लग्न 1997 चं. म्हणजे पाच वर्षं मी सुदामानगरहून त्यांच्या गल्लीवरून टेम्पोने जात होते.

तिच्या आईने पाडव्याला श्रीखंड पाठवलेला स्टीलचा डबा अजून माझ्याकडे आहे. शोधू का तिला? आणि शोधायचं तर कसं?

---

प्रभाकर_लष्कर
9 नोव्हेंबर, रात्री 11:20

ताई, घाबरू नका. वडिलांचं नाव सापडलं आहे ना, मग झालं. गणनापत्रकात 2003 चा विधानसभा क्रमांक, भाग क्रमांक आणि अनुक्रमांक तिघेही जसेच्या तसे लिहा, नातं 'पिता' लिहा. बी.एल.ओ. ला पानाचा स्क्रीनशॉट दाखवा. आमच्या ग्वाल्हेरला सूनबाईंचं असंच झालं. मैत्रिणीच्या भावाचं नाव तुमच्या फॉर्ममध्ये चालणार नाही, तो रक्ताचा नातेवाईक नाही.

---

मालवामाई
9 नोव्हेंबर, रात्री 11:31

काका, फॉर्म भरून झाला हो! मी मैत्रिणीचं विचारत्येय.

---

इंदूरी_सेव
10 नोव्हेंबर, सकाळी 8:05

माई, जुनी डायरी आहे का? त्या काळी शेजाऱ्याचा पी.पी. नंबर सगळ्यांकडे असायचा. सहा आकडी असेल तर पुढे 2 लावायचा आणि 0731 घालून फिरवायचा. बी.एस.एन.एल. ने सगळ्यांच्या नंबरांपुढे 2 लावला होता. आपला तर हा हुकमी उपाय आहे, भिया. माझ्या मामाचं घर असंच सापडलं होतं.

---

वंशावळ_बडोदा
10 नोव्हेंबर, सकाळी 11:50

2 चं बरोबर आहे, पण अर्धंच. तो आकडा 2002-03 च्या सुमारास लागला. म्हणजे ज्यांचा फोन तेव्हा चालू होता त्यांचाच नंबर 2 लावून जुळतो. 1992 च्या डायरीतला नंबर मध्ये एक्सचेंज बदलताना आधीच बदललेला असू शकतो. आणि तांब्याच्या तारेवरचे फोन आता किती घरांत उरले? लागला तर नशीब, पण त्यावर विसंबू नका.

मी आमच्या घराण्याच्या कुलवृत्तान्ताचं काम नऊ वर्षं केलं. बडोद्यात बसून इंदूर, देवास, धार, सागर, झाशीपर्यंतची माणसं शोधली. सगळ्यात जास्त वेळ माहेरवाशिणींनी खाल्ला. आपल्याकडे लग्नात आडनावच नाही, पहिलं नावही बदलतात. तांदळात अंगठीने नाव लिहिलं की शाळेच्या दाखल्यावरची मुलगी कागदावरून गेली. म्हणून आमचा एक नियम होता: बाई शोधू नका, भाऊ शोधा. भावाचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव जन्मभर तेच राहतं. तुमच्या मैत्रिणीचं शाळेतलं नाव फेसबुकवर टाकून काही हाती लागणार नाही. तिला त्या नावाने हाक मारणारंच आता कोणी नसेल.

तुमच्या हातात भावाचं नाव आहे, वडिलांचं आहे आणि 2003 चं वय आहे. त्यात आता 22 मिळवा, एकदोन वर्षं इकडेतिकडे. voters.eci.gov.in वर नाव, नातेवाइकाचं नाव, वय आणि जिल्हा घालून शोधता येतं. नाव हिंदीत घाला आणि हिंदी लिहिण्याच्या तऱ्हा करून बघा. 'दत्तात्रय'चं 'दत्तात्रेय' होतं, ळ चा ल होतो. आमचे निम्मे काळे तिकडे 'काले' झालेले. जुन्या यादीचा भाग क्रमांक मात्र आता वापरू नका. 2008 साली मतदारसंघांच्या सीमा बदलल्या आणि भागही पुढे फिरले, त्या आकड्यावर आज भलतीच गल्ली निघेल.

एक विचारतो. डब्यावर नाव घातलेलं आहे का?

---

मालवामाई
10 नोव्हेंबर, दुपारी 3:15

आहे! झाकणावर नाही, बुडाशी. टिंबाटिंबांनी कोरलेलं. इतकी वर्षं पोहे ठेवत्येय त्यात, पण शेवटचं कधी वाचलं होतं देव जाणे. 'सौ. मालती दत्तात्रय', पुढे आडनाव आणि खाली 12-5-69. बहुतेक त्यांच्या लग्नातलं भांडं.

---

वंशावळ_बडोदा
10 नोव्हेंबर, दुपारी 4:02

छान. यादीत आडनावाची वाट लागलेली असली तरी डब्यावरचं बरोबर असणार. कासार समोर बसवून, विचारून नाव घालायचा. वडिलांचं नाव दत्तात्रय आहे हेही पक्कं झालं. असे डबे, तांबे, समया हा आमच्या कामातला सगळ्यात भरवशाचा कागद.

---

एकांत_52
10 नोव्हेंबर, रात्री 9:40

सगळे शोधायच्या मागे लागलेत, म्हणून उलटं बोलतो. मीही असाच एक मित्र शोधला होता, 24 वर्षांनी. पत्ता मिळाल्यावर कळवलं नाही, थेट दारात जाऊन उभा राहिलो, मिठाई घेऊन. त्याने चहा पाजला, मुलांची विचारपूस केली आणि निघताना म्हणाला, "परत येऊ नकोस, वाईट वाटून घेऊ नको." का, ते सांगितलं नाही. मला आजही ठाऊक नाही.

कोणी गप्प बसलंय म्हणजे विसरलंय असं नसतं. ड्रेस इस्त्री करून परत ठेवणाऱ्या मुलीने जे सांगायचं ते तेव्हाच सांगितलंय. तुम्ही 33 वर्षांत एकदा गेलात, तेही कुलूप बघून परत आलात. आता तुम्हाला यादीत नाव दिसलं म्हणून तिने दार उघडावं?

---

मालवामाई
10 नोव्हेंबर, रात्री 10:18

लागलं. पण खरं आहे.

---

स्नेहल_प
11 नोव्हेंबर, सकाळी 9:30

मी समुपदेशन करते, म्हणून थोडं लिहिते. एकांत यांचा अनुभव खरा आहे, पण त्यातली मेख मला वाटतं दारात जाऊन उभं राहण्यात आहे. दारात आलेल्या माणसाला 'नको' म्हणायची सोय आपल्या घरांत नसते. चहा ठेवावाच लागतो. तो माणूस मनातून तयार नसेल तर नकार चहानंतर येतो, आणि मग तो कडक येतो.

लारा अक्निन आणि जिलियन सँडस्ट्रॉम या दोघींचा 2024 चा एक अभ्यास आहे. लोकांना संपर्क तुटलेल्या मित्राला निरोप लिहायला सांगितला. मित्र असा निवडायचा की ज्याच्याशी बोलायची इच्छा आहे, त्यालाही आवडेल असं वाटतंय आणि ज्याचा नंबर हाताशी आहे. लिहायला वेळही दिला. तरी पाठवला साधारण तिघांतल्या एकानेच. जुन्या मित्राशी बोलायला लोक जवळपास तितकेच बिचकत होते जितके अनोळखी माणसाशी बोलायला. मग काही जणांना आधी तीन मिनिटं रोजच्या मित्रमंडळींना निरोप पाठवायला लावले, तर त्यांच्यापैकी निम्म्याहून थोड्या जास्त लोकांनी जुन्या मित्रालाही पाठवला. हात मोकळा झाला, इतकंच.

फक्त त्यांच्या अभ्यासात मुख्यतः सहज विरलेल्या मैत्र्या आहेत. तुमच्याकडे एक नेमका प्रसंग आहे, तेव्हा तो आकडा तुम्हाला जसाच्या तसा लावू नका.

माझं सुचवणं असं. निरोप भावामार्फत जाऊ द्या, आणि तिचा नंबर मागू नका, तुमचा द्या. करायचा की नाही हे तिच्या हातात राहतं, आणि तुम्ही वाट बघताय की नाही हेही तिला कळत नाही. निरोप चारपाच ओळींचा असू द्या. माहेरचं नाव आधी, नाहीतर तिला कळायचंच नाही कोण. माफीचं मोठं पत्र पहिल्याच वेळी नको. आलं की वाचणाऱ्याला लगेच 'अगं असू दे' म्हणावं लागतं, तिला म्हणायचं असो वा नसो.

---

इंदूरी_सेव
11 नोव्हेंबर, सकाळी 10:12

आणि शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात तर मुळीच टाकू नका तिला! मला एकाने न विचारता घातलं. पहिल्या दिवशी 'ओळखलंस का' म्हणून 41 मेसेज, दुसऱ्या दिवशी एकाने विमा विकायला घेतला. तिसऱ्या दिवशी मी बाहेर. ज्याने घातलं तो अजून रुसून आहे.

पण माई, डबा म्हणजे काय भारी निमित्त आहे! निरोपात डबाच लिहा.

---

एकांत_52
11 नोव्हेंबर, दुपारी 12:44

डबा निमित्त म्हणून वापरू नये. ती म्हणेल, तेव्हा ड्रेस मी दुसऱ्या दिवशी परत केला, डबा तुम्ही 33 वर्षं ठेवला.

---

इंदूरी_सेव
11 नोव्हेंबर, दुपारी 12:51

अरे बाप रे. हे डोक्यात आलं नव्हतं.

---

मालवामाई
16 नोव्हेंबर, संध्याकाळी 6:30

बडोद्याच्या दादांनी सांगितलं तसं केलं. 'दत्तात्रय' घालून काही नाही, 'दत्तात्रेय' घालून तीन नावं आली, त्यातला एक वयाने जुळला. आता राऊ मतदारसंघात आहे. पण तिथे मतदान केंद्राची शाळा दिसते, घराचा पत्ता नाही. शाळेच्या आसपास विचारत फिरायचं माझ्या जिवावर आलं. हे म्हणाले, "गुरुजींना विचार." आमचे गुरुजी जुन्या गल्लीत सत्यनारायण सांगायचे, आता त्यांचा मुलगा सांगतो. त्याला फोन केला. तो हसत म्हणाला, "काकू, त्यांच्याकडे मागच्या महिन्यातच वास्तुशांत केली." तुमच्या यादीपेक्षा आमचे गुरुजी भारी निघाले!

त्याने नंबर देऊ केला, पण मी घेतला नाही. माझा निरोप भावाला पाठवायला सांगितला. पाठवलेला असा:

"दादा नमस्कार. मी गल्लीतली, तुमच्या बेबीबरोबर शाळेत होते. समोरच्या वाड्यात वरच्या मजल्यावर राहायचो. हा माझा नंबर बेबीला द्याल का? तिला वाटलं तर तिने करावा, नाही वाटलं तरी काही नाही. मालतीकाकूंना नमस्कार."

डब्याचं लिहिलं नाही. ड्रेसचंही नाही.

---

वंशावळ_बडोदा
16 नोव्हेंबर, रात्री 8:15

आम्हीही शेवटी गुरुजींच्या वह्यांवरच यायचो. 'मालतीकाकूंना नमस्कार' मात्र जरा धाडसाचं झालं. 1969 चं लग्न म्हणजे आज पंचाहत्तरी ओलांडलेली असणार. आम्ही कधीही वडीलधाऱ्यांची चौकशी 'कशा आहेत' अशी लिहायचो नाही, आधी विचारून घ्यायचो.

---

मालवामाई
16 नोव्हेंबर, रात्री 8:40

अरे देवा. हे सुचलंच नाही.

---

प्रभाकर_लष्कर
19 नोव्हेंबर, सकाळी 7:55

ताई, काय झालं? आला का फोन? (फॉर्म बी.एल.ओ. ने अपलोड केला की नाही तेही पोर्टलवर एकदा बघून घ्या.)

---

मालवामाई
19 नोव्हेंबर, सकाळी 9:10

नाही आला. फॉर्म मात्र झाला, काका.

---

एकांत_52
24 नोव्हेंबर, रात्री 10:05

नाही आला तर परत पाठवू नका. माझं बोलणं कडू वाटलं असेल त्याबद्दल क्षमस्व.

---

स्नेहल_प
25 नोव्हेंबर, सकाळी 10:40

मी थोडं वेगळं म्हणेन. निरोप भावाकडून गेलाय. त्याने दिला की नाही हे आपल्याला माहीत नाही. दोनेक महिन्यांनी गुरुजींना 'पोचला का' एवढं विचारायला हरकत नाही. तिला दुसरा निरोप मात्र नको, हे मान्य.

---

मालवामाई
28 नोव्हेंबर, रात्री 11:25

आज दुपारी फोन आला. बारा दिवसांनी. अनोळखी नंबर, मला वाटलं बँकवाली. "हॅलो" म्हटलं तर पलीकडून, "ओटल्यावर कोण बसलंय गं?"

आम्ही लहानपणी एकमेकींना हाक मारायची ती पद्धत होती. ती खाली ओटल्यावर येऊन बसायची आणि वर बघून हेच ओरडायची. माझ्या तोंडून शब्द फुटेना.

ती जळगावला असते. सासरी नाव अनुराधा ठेवलं, तेव्हा दादा म्हणतात तेच, शाळेच्या नावाने ती मला जन्मात सापडली नसती. लग्न 1995 चं. त्या जूनमध्ये पंधरा दिवस खंडव्याला गेली होती, परत आली तर आम्ही गल्ली सोडलेली. तिला वाटलं आम्ही मुद्दाम न सांगता गेलो. सुदामानगर तिला माहीत होतं, घर माहीत नव्हतं.

मालतीकाकू 2014 साली गेल्या. भावाने निरोप दुसऱ्याच दिवशी दिला होता. त्यातली नमस्काराची ओळ वाचून तिला फोन करवेना, म्हणून बारा दिवस गेले. दादा, तुमचं खरं झालं.

ड्रेसचं मीच काढलं. स्नेहलताईंनी सांगितलं होतं नको म्हणून, पण राहवलं नाही. ती म्हणाली, "आठवतं मला. काकू जे बोलल्या त्याचं तितकं नव्हतं, त्या सगळ्यांनाच तसं बोलायच्या. तू आत गेलीस ना, ते." मी काही बोलले नाही. तीही नाही. मग तिच्या कुकरची शिट्टी झाली आणि ती म्हणाली थांब, गॅस बारीक करून येते. मला वाटलं आता ठेवेल फोन. आली परत.

डब्याचं सांगितलं तर एकदम गप्प झाली. म्हणाली आईचं नाव घातलेलं एकही भांडं तिच्याकडे नाही. मिल बंद झाल्यावर पितळ आधी गेलं, मग स्टील. "वाच बघू काय लिहिलंय." मी पोहे परातीत ओतले, डबा उलटा धरला आणि चष्मा लावून वाचलं. सौ. मालती दत्तात्रय. ती म्हणाली तारीख वाच. बारा, पाच, एकोणसत्तर. "परत वाच," म्हणाली.

एकूण अठरा मिनिटं बोललो. रंगपंचमीला भावाकडे येणार आहे, गेर बघायला. माझ्याकडे येईल असं म्हणाली नाही, मी विचारलंही नाही. डबा मात्र भावाकडे पाठवू नको म्हणाली, तुझ्याकडेच राहू दे तोवर.

---

इंदूरी_सेव
29 नोव्हेंबर, सकाळी 8:20

माई, सकाळी सकाळी रडवलंत. आता सांगा, डबा रिकामा तर देता येत नाही. श्रीखंड?

---

वंशावळ_बडोदा
29 नोव्हेंबर, सकाळी 9:05

श्रीखंड नको. ते त्यांच्या आईने दिलं होतं, तेच परत केल्यासारखं होईल. साखर घाला आणि वर चारदोन लवंगा. जळगावपर्यंत टिकेलही.

---

एकांत_52
29 नोव्हेंबर, सकाळी 9:48

त्यातलेच पोहे द्या.

---

मालवामाई
29 नोव्हेंबर, दुपारी 2:30

पोहे परत भरून ठेवलेत डब्यात. बघू.